कोल्हापूरची गाडी कुठून भरायची?

एका कंपनीची दोन गोदामं आहेत असं समजा, एक भिवंडीला आणि दुसरं नागपूरला. माल एकच, चाळीस किलोच्या पोत्यांतली वॉल पुटी. डीलर पाच: नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड आणि अकोला. महिन्याच्या सुरुवातीला पाचही जणांच्या ऑर्डरी हातात येतात, दोन्ही गोदामांतला साठा कळतो, आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्या माणसापुढे एकच प्रश्न उरतो. कुणाची गाडी कुठून भरायची?

माल दोन्हीकडे सारखाच आहे आणि सगळ्यांना तो पोचवायचाच आहे, त्यामुळे बदलतं ते फक्त भाडं. पुटी जड आणि स्वस्त. अशा मालाच्या पोत्यामागे पन्नास-साठ रुपये वाटेत गेले तर ते नफ्यातूनच जातात.

या महिन्याचे आकडे असे आहेत. दर आणि टन मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण नकाशाशी त्यांचं नातं खरं आहे.

| डीलर | मागणी (टन) | भिवंडीहून (रु. प्रति टन) | नागपूरहून (रु. प्रति टन) |
|---|---|---|---|
| नाशिक | ४० | ७०० | २,१०० |
| संभाजीनगर | ५० | १,२०० | १,५०० |
| कोल्हापूर | ४० | १,५०० | २,७०० |
| नांदेड | ४० | १,९०० | १,३०० |
| अकोला | ३० | १,८०० | १,००० |

एकूण मागणी २०० टन. भिवंडीत ९० टन पडून आहेत, नागपुरात ११०. दहा टनी गाडीत २५० पोती बसतात, म्हणजे भिवंडीतून नऊ गाड्या सुटणार आणि नागपुरातून अकरा.

आता कुणीही शहाणा माणूस करेल तेच करून पाहू. सगळ्यात कमी दर आधी उचलायचा. तक्त्यातला सगळ्यात स्वस्त आकडा भिवंडी–नाशिक, ७०० रुपये. नाशिकचे ४० टन भिवंडीतून. पुढचा नागपूर–अकोला, १,०००. अकोल्याचे ३० टन नागपुरातून. मग भिवंडी–संभाजीनगर, १,२००. भिवंडीत ५० टन उरलेत आणि संभाजीनगरला नेमके ५० हवेत, तेही गेले. भिवंडी रिकामी झाली. नांदेडला नागपूरहून १,३०० रुपयांनी ४० टन. आता राहिलं एकटं कोल्हापूर, आणि शिल्लक माल आहे फक्त नागपुरात. तेव्हा ४० टन पुटी विदर्भातून निघून जवळजवळ सगळा महाराष्ट्र ओलांडत पंचगंगेकाठी जाणार, टनाला २,७०० रुपये मोजून.

बेरीज करू. नाशिक २८,०००, अकोला ३०,०००, संभाजीनगर ६०,०००, नांदेड ५२,०००, कोल्हापूर १,०८,०००. एकूण २,७८,००० रुपये.

कोल्हापूरचा आकडा डोळ्यांत खुपतो. प्रत्येक पावलावर आपण स्वस्तातलं स्वस्त निवडलं, तरी शेवटी सगळ्यात महाग वाट गळ्यात पडली. चूक संभाजीनगरला झाली. संभाजीनगरला भिवंडी स्वस्त आहे हे खरंच. पण ती किती स्वस्त आहे, हे आपण विचारलं नाही. नागपूरहून माल आणला असता तर तिथे टनाला फक्त ३०० रुपये जास्त लागले असते. कोल्हापूरला मात्र भिवंडी हुकली की १,२०० रुपयांचा फटका बसतो. भिवंडीतला मोजका माल आपण ज्याचं त्याच्यावाचून फारसं अडत नव्हतं त्याला दिला, आणि ज्याचं फार अडत होतं त्याला उपाशी ठेवलं.

पोत्याच्या भाषेत हे अजून स्वच्छ दिसतं. संभाजीनगरचं पोतं भिवंडीहून ४८ रुपयांत पोचतं, नागपूरहून ६० रुपयांत. कोल्हापूरचं भिवंडीहून ६० रुपयांत, नागपूरहून १०८ रुपयांत. दोघांची अदलाबदल केली की संभाजीनगरच्या पोत्यावर १२ रुपये जातात आणि कोल्हापूरच्या पोत्यावर ४८ वाचतात. निव्वळ ३६ रुपये पोत्यामागे, टनाला ९००. चाळीस टनांची अदलाबदल करता येते, म्हणजे ३६,००० रुपये. नवा आराखडा असा होतो: भिवंडीतून नाशिकला ४०, कोल्हापूरला ४० आणि संभाजीनगरला १०, नागपुरातून संभाजीनगरला ४०, नांदेडला ४०, अकोल्याला ३०. भाडं २,४२,०००. एकही गाडी कमी झाली नाही, एकाही ट्रान्सपोर्टवाल्याशी घासाघीस केली नाही.

याहून स्वस्त आराखडा असू शकतो का? नाही, आणि हे ठामपणे सांगता येतं. त्यासाठी तक्त्यातले दर बाजूला ठेवून फक्त फरक लिहायचे, म्हणजे नागपूरचा दर वजा भिवंडीचा दर. नाशिक १,४००. कोल्हापूर १,२००. संभाजीनगर ३००. नांदेड उणे ६००. अकोला उणे ८००. मोठ्यापासून लहानापर्यंत ही यादी लावली की भिवंडीतला माल वरून वाटत यायचं. तो जिथे संपेल, तिथून खाली सगळं नागपूरचं.

कारण सोपं आहे. या यादीच्या क्रमाविरुद्ध केलेल्या कुठल्याही वाटपात एक तरी डीलर असा सापडतो, की त्याचा फरक मोठा असूनही त्याला नागपूरचा माल चाललाय, आणि त्याच्याहून लहान फरकाच्या डीलरला भिवंडीचा मिळालाय. त्या दोघांत एक टन अदलाबदल केला की दोन फरकांमधलं अंतर खिशात पडतं. अशी जोडी उरलीच नाही, तर वाचवण्यासारखंही काही उरलं नाही. कुणी तयार आराखडा पुढे ठेवला तरी त्याची परीक्षा हीच. भिवंडीच्या डीलरांतला सगळ्यात लहान फरक आणि नागपूरच्या डीलरांतला सगळ्यात मोठा फरक शेजारी ठेवून पाहायचे. पहिला दुसऱ्यापेक्षा कमी असेल तर पैसे गळतायत. पहिल्या आराखड्यात तो ३०० होता आणि दुसरा १,२००.

वाणिज्य शाखेच्या, अभियांत्रिकीच्या आणि एमबीएच्या मुलांना हा विषय ‘ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम’ म्हणून भेटतो. पुस्तकांत तो बहुधा अमेरिकेच्या फ्रँक हिचकॉक यांच्या १९४१ मधल्या लेखापासून सुरू होतो. पण त्याच्या अकरा वर्षं आधी, १९३० मध्ये, सोव्हिएत रशियात ए. एन. टॉल्स्टॉय नावाच्या अभ्यासकाने रेल्वेने जाणारं मीठ, सिमेंट असा माल कमीत कमी अंतर चालावा म्हणून याच प्रश्नावर लिहिलं होतं. आणि त्याने सुरुवात केली होती ती नेमकी दोन ठिकाणांहून माल सुटतो तेव्हाच्या गणिताने, याच फरकांच्या यादीने. त्याच्या लिखाणातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याने दाखवलं की ही यादी साठ्यावर किंवा मागणीवर मुळीच अवलंबून नसते. ती फक्त दोन ठिकाणांपासूनच्या अंतरांवर ठरते. म्हणून ती एकदा केली की वर्षानुवर्षं चालते. दरवेळी बदलतं ते फक्त कुठवर पोचायचं ते.

गोदामात याचा अर्थ असा, की पाच नावांचा हा क्रम कागदावर लिहून डिस्पॅचच्या टेबलावर काचेखाली ठेवता येतो. पुढच्या महिन्यात भिवंडीत ६० टनच आले? नाशिकला ४०, कोल्हापूरला २०, संपलं. बाकी सगळं नागपूर भरेल. नाशिकची मागणी ७० झाली आणि भिवंडीचा साठा ९०च राहिला? नाशिकला ७०, कोल्हापूरला २०. नवा डीलर जोडला तर त्याचा एक फरक काढायचा आणि यादीत योग्य जागी घालायचा. यादीतून आणखी एक सोय मिळते. दोन्ही गोदामांतून माल जाईल असा डीलर जास्तीत जास्त एकच असतो, जिथे भिवंडीचा माल संपतो तो. या महिन्यात तो संभाजीनगरचा आहे. त्याला दोन ठिकाणची बिलं आणि दोन बॅचचा माल घ्यावा लागेल, तेवढं त्याच्याशी आधी बोलून ठेवावं.

दरांबद्दल मात्र सावध राहायला हवं. भाडं नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. ज्या गावाहून परतीचा माल सहज मिळतो तिथे जायला गाडीवाला कमी पैशांत तयार होतो. जिथून रिकामी गाडी आणावी लागते तिथे तो दोन्ही वाटांचा खर्च लावतो. म्हणून नकाशावरची अंतरं मोजून यादी करू नये. ट्रान्सपोर्टवाल्याचे प्रत्यक्ष दर घ्यावेत, आणि दोन्ही गोदामांचे दर एकाच आठवड्यातले असावेत. एका बाजूचा दर डिझेल वाढण्याआधीचा आणि दुसऱ्या बाजूचा नंतरचा असेल, तर फरक खोटा येतो.

पण दर रुपयापर्यंत अचूक असायला हवेत असंही नाही. क्रम टिकला की आराखडा टिकतो. संभाजीनगरचा फरक ३०० आहे. तो कोल्हापूरच्या १,२०० च्या वर चढेपर्यंत काही बिघडत नाही. म्हणजे नागपूर–संभाजीनगर दर १,५०० वरून २,४०० पर्यंत गेला तरी गाड्या इथूनच सुटतील, बिल तेवढं वाढेल. हे ठाऊक असलं की दर शे-दोनशेने हलला म्हणून आराखडा मोडायची धावपळ होत नाही.

काही खर्च तर या हिशेबात धरायचेच नसतात, आणि यावरून ऑफिसात विनाकारण वाद होतात. कोल्हापूरला माल उतरवायची हमाली टनाला शंभर रुपये असेल, तर ती माल कुठूनही आला तरी द्यावीच लागते. दोन्ही दरांत शंभर मिळवले की फरक जिथल्या तिथे. उतरवणीची हमाली महाग म्हणून कोल्हापूरचा क्रम बदलत नाही. भिवंडीत माल चढवायची हमाली जास्त असली तरी तेच, कारण तिथून ९० टन सुटायचेच आहेत. ते कुठे जातात यावर चढवण्याचा खर्च बदलत नाही. दोन्ही गोदामं रिकामी होणार असतील तोवरच हे खरं. माल जास्त असेल आणि काही टन कुठेतरी राहणार असतील, तर ते कुठे ठेवायचे हे ठरवताना चढवण्याची हमाली मोजावीच लागते.

जास्तीच्या मालासाठी गणितात एक साधी युक्ती आहे. ‘शिल्लक’ नावाचा एक खोटा डीलर धरायचा. त्याच्याकडे कुणीच काही नेत नाही, म्हणून दोन्ही दर शून्य आणि फरकही शून्य. यादीत तो संभाजीनगरच्या खाली आणि नांदेडच्या वर बसतो. समजा भिवंडीत ९० ऐवजी १५० टन आहेत आणि नागपुरात ११० कायम. नाशिक, कोल्हापूर आणि आता पूर्ण संभाजीनगर धरून भिवंडीतून १३० जातील. मग येईल ‘शिल्लक’, आणि उरलेले २० टन भिवंडीतच राहतील. नागपुरातून नांदेड आणि अकोल्याचे ७० जातील, ४० तिथे राहतील. भिवंडीत माल पडून आहे म्हणून तो नांदेडला पाठवायचा मोह होतो. यादी सांगते की त्या प्रत्येक टनाला ६०० रुपये जादा पडतील.

आता कारखान्याकडे वळू, कारण खरा पैसा कधीकधी तिथेच दडलेला असतो. कारखान्यातून दर महिन्याला दोन्ही गोदामांत माल येतो. किती कुठे पाठवायचा हे बहुधा सवयीने ठरतं. आपली यादी सांगते की या महिन्यात नागपुरात जाणारा एक टन भिवंडीला गेला असता तर डीलरपर्यंतच्या भाड्यात बरोबर ३०० रुपये वाचले असते, कारण तो संभाजीनगरच्या वाट्याला आला असता. तेव्हा कारखान्यातून भिवंडीला माल पोचवणं नागपूरपेक्षा टनाला ३०० हून कमी महाग असेल, तर भिवंडीचा वाटा वाढवावा. ३०० हून जास्त महाग असेल तर उलट कमी करावा. वाढवायची मर्यादाही यादीतच आहे: ४० टन. तोवर संभाजीनगर पूर्ण भिवंडीवर येतं, आणि पुढच्या टनापासून नांदेड सुरू होतं, जिथे भिवंडी तोट्याची. कमी करायचं तर पहिले १० टन संभाजीनगरचे जातील. अकराव्या टनापासून कोल्हापूरला धक्का लागेल आणि प्रत्येक टन १,२०० रुपयांना पडेल. गोदामातल्या जादा टनाची ही किंमत बिलावर कुठेच छापलेली नसते. अर्थशास्त्रात तिला छाया-किंमत म्हणतात. मालाच्या वाटपातून अशा किमती बाहेर येतात हे ज्यांनी उलगडून दाखवलं, त्या लिओनिद कान्तोरोविच आणि त्यालिंग कूपमन्स यांना १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कूपमन्स दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या जहाजवाहतुकीचं नियोजन करणाऱ्या मंडळात काम करत होते.

एक अडचण मात्र यादीने सुटत नाही. दर ‘प्रति टन’ लिहिला की वाटतं, जितके टन तितकं भाडं. गाडी तशी भाड्याने मिळत नाही. या महिन्यात सगळ्या ऑर्डरी दहाच्या पटीत होत्या, आणि या गणिताचा एक छान गुण असा की साठा आणि मागणी पूर्ण गाड्यांत मोजली तर उत्तरही पूर्ण गाड्यांतच येतं. अर्धी गाडी इकडे, अर्धी तिकडे असं कधी निघत नाही. पण नाशिकने ३७ टन मागितले तर चौथी गाडी सात टनांवर जाईल आणि भाडं दहाचं लागेल. दोन डीलरांकडे असे तुकडे उरले की यादीतला क्रम उत्तम राहीलच याची खात्री नाही, आणि ते गणित खरोखर अवघड होतं. व्यवहारातला उपाय डीलरशी बोलण्याचा आहे. ३७ चे ४० घेणार का, की सात टन पुढच्या महिन्यात? फोनवर गाडी भरून निघाली तर यादी पुन्हा खरी होते.

माल कमी पडला तर आणखी जपावं. नागपुरात ११० ऐवजी ९० टनच आले, वीस टन कुणाचे तरी कापायचे. नुसतं भाडं कमी करायला सांगितलं, तर हिशेब कोल्हापूरचा माल कापतो. तिथे न पाठवलेला प्रत्येक टन १,५०० रुपये वाचवतो, आणि मोकळा झालेला भिवंडीचा टन संभाजीनगरला देऊन आणखी ३००. पुढच्या टंचाईत पुन्हा कोल्हापूर, त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच. भाड्याच्या गणिताला कोल्हापूरचा ग्राहक दिसत नाही. म्हणून टंचाईत कुणाला किती कमी द्यायचं हे आधी बसून ठरवावं, त्या कमी केलेल्या मागण्या तक्त्यात लिहाव्यात, आणि मगच यादी उघडावी.

कंपनीने सोलापूरला तिसरं गोदाम उघडलं की मात्र यादीचा कागद काढून ठेवावा लागतो. दोन गोदामांत ‘इथून नाही’ म्हणजे ‘तिथून’, म्हणून एकच फरक पुरतो. तीन गोदामांत ‘इथून नाही’ म्हटल्यावर दोन वाटा उरतात. मग अदलाबदलही दोघांत मिटेलच असं नाही: नाशिकचा एक टन भिवंडीऐवजी नागपूरने द्यायचा, त्यामुळे नागपूरकडून सुटलेला नांदेडचा टन सोलापूरने द्यायचा, आणि सोलापूरने सोडलेला कोल्हापूरचा टन भिवंडीने. असा वेढा पूर्ण फिरून बेरीज उणे आली तर पैसे वाचतात. कुठल्याही दोघांच्या अदलाबदलीत फायदा दिसत नसताना तिघांच्या वेढ्यात तो दडलेला असू शकतो. टॉल्स्टॉयने हेच वेढे तपासत १० ठिकाणांहून ६८ ठिकाणी जाणाऱ्या मालाचा आराखडा काढला होता. आता हे काम एक्सेलमधला Solver करतो. B2:D6 मध्ये दर आणि F2:H6 मध्ये टनांसाठी मोकळ्या जागा ठेवल्या, तर एकूण भाडं एका ओळीत येतं:

```
=SUMPRODUCT(B2:D6,F2:H6)
```

हा आकडा कमीत कमी करायचा, पद्धत Simplex LP निवडायची, आणि Make Unconstrained Variables Non-Negative ही खूण राहू द्यायची. ती काढली तर उणे टनांनाही मुभा मिळते, भाडं अमर्याद खाली जाऊ शकतं आणि Solver ला उत्तरच सापडत नाही. मग दोन तऱ्हेच्या अटी. प्रत्येक गोदामातून साठ्याहून जास्त जाऊ नये, ही `<=`. आणि प्रत्येक डीलरला मागणीइतका माल मिळावा, ही `=`. घाईत दुसऱ्या ठिकाणीही `<=` पडतं. तेव्हा Solver क्षणात उत्तर देतो, सगळ्या अटी पाळल्याचं कळवतो, आणि पंधराही चौकटींत शून्य लिहितो. एकही गाडी सुटली नाही, भाडं शून्य. दिलेल्या अटींत याहून स्वस्त काही नाही.